फुलीच्या मध्ये कोणता भाव लिहायचा? तांदळाच्या एका गणिताचं प्रकरण

प्रश्न असा होता:

“एका व्यापाऱ्याने ४२ रुपये किलोचा तांदूळ आणि ५▢ रुपये किलोचा तांदूळ अशा प्रमाणात मिसळला की, मिश्रण ५४ रुपये किलो दराने विकल्यावर त्याला शेकडा १२½ नफा झाला. दोन्ही प्रकारच्या तांदळांचे प्रमाण काढा. एकूण मिश्रण ८५ किलो असल्यास प्रत्येक प्रकारचा तांदूळ किती घेतला?”

चौकोनाच्या जागी पुस्तकात अर्थातच अंक छापलेला होता. पण माझ्याकडे आला तो मोबाइलवर काढलेला पानाचा फोटो. पान शिवणीजवळ वळलेलं, त्यावर हाताची सावली, आणि नेमका तो अंक त्या वळणात गेलेला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीने तो पाठवला होता. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी एकत्र अभ्यास करतात. फोटोखाली तिने लिहिलं होतं: “सर, चौघींची चार उत्तरं आली आहेत. चौघींनीही क्रॉस पद्धतच वापरली. दोघींची तर किलोसुद्धा पूर्णांकात येतात. मग बरोबर कोणाचं?”

चार उत्तरं अशी होती. पहिलीचं १ : २. दुसरीचं ५ : १२, म्हणजे २५ किलो आणि ६० किलो. तिसरीचं ६ : ११, म्हणजे ३० किलो आणि ५५ किलो. चौथीचं ७७ : ५९, आणि त्यावरून किलो काढायला गेल्यावर काही जमेना म्हणून तिने पुढचा भाग सोडून दिलेला. प्रत्येक प्रमाणात आधी स्वस्त तांदूळ, मग महाग.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर चौघींपैकी एकीचंही आलं नव्हतं. पण चारही चुका वेगवेगळ्या जागच्या आहेत आणि मिश्रणाच्या गणितात माणूस जिथे जिथे घसरतो त्या बहुतेक जागा या चारांत येऊन जातात, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे.

आधी तो अंक

पहिल्या मुलीने भाव ५१ वाचला होता, बाकी तिघींनी ५९. मराठी अंकांत १ आणि ९ यांची खालची शेपटी जवळपास सारखीच असते, फरक उरतो तो वरच्या वळणात. छपाई पुसट असेल किंवा फोटो हललेला असेल तर सगळ्यात आधी जातं ते हे वळणच. फोटो बोटांनी कितीही मोठा केला तरी कॅमेऱ्याने न टिपलेलं वळण त्यात येत नाही, अंक फक्त मोठा आणि पुसट दिसतो.

अशा वेळी मी त्याच ओळीत तोच अंक दुसरीकडे कुठे आहे का ते बघतो. इथे १२½ मधला १ स्वच्छ दिसत होता. त्या १ शेजारी संशयित अंक ठेवून पाहिला तर डावीकडे शाईचा एक जास्तीचा ठिपका होता, म्हणजे ९ असण्याची शक्यता जास्त. पण ठिपका शाईचा की सावलीचा, हे खात्रीने सांगता येत नव्हतं.

मग गणितालाच विचारायचं. प्रश्नाच्या दुसऱ्या भागात ८५ किलो आहे. ८५ म्हणजे ५ × १७. पाठ्यपुस्तकातली गणितं बहुधा अशी रचलेली असतात की शेवटी किलो पूर्णांकात यावेत. भाव ५९ असेल तर दोन भावांतला फरक ५९ − ४२ = १७, आणि १७ ने ८५ ला पूर्ण भाग जातो. भाव ५१ असेल तर फरक ९, प्रमाण १ : २ येतं, आणि ८५ चे तीन समान भाग करायला गेलं की २८ पूर्णांक एक तृतीयांश किलो. पहिल्या मुलीला हेच मिळालं होतं. तिची आकडेमोड चोख होती, पायऱ्याही बरोबर होत्या, फक्त एक अंक चुकीचा वाचला गेला.

पुस्तक रचणाऱ्याने पूर्णांक ठेवलेच असतील असं गृहीत धरणं हा पुरावा नव्हे, तो अंदाज आहे, म्हणून मी मुलीला पान सपाट दाबून पुन्हा फोटो काढायला सांगितलं. त्यात ५९ स्पष्ट होतं. दुसरा फोटो मिळण्यासारखा नसेल तर उत्तर लिहिताना “भाव ५९ धरून” असं आधी लिहावं, म्हणजे तपासणाऱ्यालाही कळतं की आपण कोणत्या अंकावर उभे आहोत. अशा फोटोत जाणारी आणखी एक गोष्ट म्हणजे १२½ मधला अर्धा. तो पुसला जाऊन १२ वाचला असता तर खरेदी भाव ४८.२१ च्या आसपासचा अपूर्णांक आला असता. दिलेल्या भावांना न शोभणारे असे दशांश दिसले की आकडेमोड पुन्हा करण्याआधी पान पुन्हा बघावं.

फुली नेमकं काय करते

पुढच्या तीन चुका कळायला क्रॉस पद्धतीच्या या फुलीच्या आत काय चाललंय ते थोडं थांबून बघावं लागेल. बहुतेक वर्गांत ती अशी शिकवली जाते: वर डावीकडे स्वस्त, वर उजवीकडे महाग, मध्ये सरासरी, तिरक्या रेघांवर वजाबाकी, खाली प्रमाण. हे पाठ होतं, पण त्यामागचं कारण पाठांतरात येत नाही.

समजा मिश्रण किलोला ४८ रुपयांना पडायला हवं. (४८ कुठून आले ते पुढे येतंच.) पातेल्यात ४२ रुपयांचा एक किलो टाकला की आपण ठरवलेल्या ४८ पेक्षा ६ रुपये वाचतात. ५९ रुपयांचा एक किलो टाकला की ११ रुपये जास्त जातात. मिश्रण बरोबर ४८ ला पडायचं असेल तर एकूण बचत आणि एकूण जादा खर्च सारखे व्हायला हवेत. बचत किलोमागे फक्त ६, जादा खर्च किलोमागे ११. मग स्वस्त तांदूळ जास्त घ्यायला लागेल हे उघड आहे. किती जास्त? ११ किलो स्वस्त घेतला तर बचत ११ × ६ = ६६ रुपये. ६ किलो महाग घेतला तर जादा खर्च ६ × ११ = ६६ रुपये. हिशेब जुळला. म्हणून प्रमाण ११ : ६.

```
स्वस्त ४२         महाग ५९
         \       /
            ४८
         /       \
     ११              ६
(५९ − ४८)         (४८ − ४२)
```

महाग भावातून सरासरी वजा केल्यावर आलेले ११ तिरक्या रेघेने स्वस्ताखाली गेले आणि सरासरीतून स्वस्त वजा केल्यावर आलेले ६ महागाखाली गेले. रेघ तिरकी का, याचं उत्तर वरच्या परिच्छेदात आहे: एका तांदळाची किलोमागची तफावत दुसऱ्या तांदळाचे किलो ठरवते. जो भाव सरासरीच्या जवळ, तो तांदूळ जास्त लागतो. ४२ हे ४८ पासून ६ वर आहे, ५९ हे ११ वर. ४२ जवळचा, म्हणून तोच जास्त.

हा नियम जुना आहे. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (इ. स. ११५०) वेगवेगळ्या कसाचं सोनं एकत्र आटवण्याच्या गणितांत तो स्वच्छ सांगितला आहे: मोठ्या कसातून हवा तो कस वजा करा, हव्या कसातून लहान कस वजा करा, आणि आलेल्या दोन बाक्या अनुक्रमे लहान आणि मोठ्या कसाच्या सोन्याची वजनं समजा. तिथल्या उदाहरणात १६ आणि १० कसाच्या सोन्यापासून १२ कसाचं सोनं करायचं आहे. १६ − १२ = ४ हे १० कसाच्या सोन्याचं वजन, १२ − १० = २ हे १६ कसाच्या सोन्याचं. रेघा काढायचं काम नाही, नियमाच्या शब्दांतच तिरकस जोडणी आहे. शिवाय या बाक्यांना कोणत्याही संख्येने गुणलं तरी चालतं हेही तिथेच सांगितलं आहे. आपल्या गणितात ११ : ६ ला ५ ने गुणून ५५ किलो आणि ३० किलो करायचं, ते हेच.

५:१२ ची भूल

दुसऱ्या मुलीने फुलीच्या मध्ये ५४ लिहिले. प्रश्नात मिश्रणासमोर दिसणारा भाव तोच एक आहे, त्यामुळे हात आपोआप तिकडे जातो. ५९ − ५४ = ५, ५४ − ४२ = १२, प्रमाण ५ : १२. ८५ किलोंत २५ आणि ६०. सगळं सुबक.

पण ५४ हा विक्रीचा भाव आहे, आणि वरचे ४२ व ५९ हे खरेदीचे. फुलीतले तिन्ही भाव एकाच जातीचे असले पाहिजेत. ५४ मध्ये नफा मिसळलेला आहे, आणि तांदूळ मिसळल्याने नफा तयार होत नाही. म्हणून आधी नफा बाजूला काढून मिश्रण व्यापाऱ्याला कितीला पडलं ते शोधायचं. शेकडा १२½ म्हणजे आठवा हिस्सा. खरेदीचे ८ भाग धरले तर नफा १ भाग आणि विक्री ९ भाग. ९ भाग म्हणजे ५४ रुपये, १ भाग ६ रुपये, ८ भाग ४८ रुपये. फुलीच्या मध्ये जाणारी संख्या ही.

इथे आणखी एक घसरण असते. काही जण ५४ चे साडेबारा टक्के काढून ते ५४ मधून वजा करतात, म्हणजे ६.७५ वजा जाऊन ४७.२५. नफ्याचा शेकडा, वेगळं काही सांगितलं नसेल तर, खरेदीवर मोजतात, विक्रीवर नाही. ४७.२५ धरलं तर प्रमाण ४७ : २१ येतं आणि किलो ५८.७५ व २६.२५. हे उत्तर निदान ओबडधोबड दिसतं, त्यामुळे संशय तरी येतो. ५ : १२ मात्र संशय येऊ देत नाही.

आणि माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. मुलगी म्हणाली होती की दोघींचे किलो पूर्णांकात येतात. ते का येतात बघा. फुलीतल्या दोन बाक्यांची बेरीज केली तर (महाग − सरासरी) + (सरासरी − स्वस्त), यात सरासरी कटून जाते आणि उरतं महाग − स्वस्त. म्हणजे बेरीज नेहमी १७. मध्ये ४८ लिहा, ५४ लिहा, ४५ लिहा, पूर्णांक कोणताही लिहिला तरी बाक्यांची बेरीज १७ च, आणि १७ ने ८५ ला भाग जातोच. ४५ लिहिले असते तर १४ : ३ आलं असतं आणि ७० किलो व १५ किलो, तेही तितकंच सुबक.

म्हणजे ८५ च्या मदतीने आपण ५१ की ५९ हे पारखू शकलो, कारण तिथे प्रश्न दोन भावांतल्या फरकाचा होता. पण मध्ये कोणती संख्या आहे याबद्दल ८५ काहीच सांगू शकत नाही. उत्तर पूर्णांकात आलं म्हणून बरोबर, ही समजूत या जातीच्या गणितात अगदी हमखास फसवते.

मग पडताळा कसा घ्यायचा? रुपयांचा हिशेब मांडून. दुसऱ्या मुलीच्या उत्तराने व्यापारी २५ किलो तांदूळ ४२ ने घेतो, १,०५० रुपये. ६० किलो ५९ ने, ३,५४० रुपये. एकूण ४,५९० रुपये. विक्री ८५ × ५४ = ४,५९० रुपये. नफा शून्य! तिने काढलं ते बिननफ्याच्या मिश्रणाचं प्रमाण. ५४ हा भाव मध्ये लिहिणं म्हणजे मिश्रण ५४ ला पडावं असं सांगणं, आणि ५४ ला पडलेलं ५४ ला विकलं तर हातात काय राहणार? हा हिशेब मी तिला फोनवर तिच्याकडूनच करून घेतला. शून्य आल्यावर ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, “म्हणजे सर, मी नफा विसरले नव्हते, मी तो कुठे घ्यायचा ते विसरले.” अगदी बरोबर निदान आहे.

आकडे बरोबर, जागा उलट

तिसऱ्या मुलीने ४८ बरोबर काढले होते. वजाबाक्याही ११ आणि ६ अशाच आल्या. फक्त तिने तिरकी रेघ न धरता सरळ खाली उतरवलं: ४२ आणि ४८ मधला फरक ६, म्हणून स्वस्त ६, ५९ आणि ४८ मधला फरक ११, म्हणून महाग ११. तिचा हिशेब मांडला तर ३० × ४२ = १,२६०, ५५ × ५९ = ३,२४५, एकूण ४,५०५ रुपये. मिश्रण किलोला ५३ रुपयांना पडलं आणि ८५ किलोंवर नफा फक्त ८५ रुपये, दोन टक्क्यांपेक्षाही कमी.

ही चूक पकडायला हिशेबसुद्धा लागत नाही. सरासरी ४८ ही ४२ च्या जवळ आहे, मग ४२ वाला तांदूळ जास्त असलाच पाहिजे. मी वर्गात फुली काढण्याआधी एवढं तोंडी बोलायला लावतो: “सरासरी कोणाच्या जवळ? मग जास्त कोण?” त्यानंतर अंक उलटे लिहिले गेले तरी मुलांच्या स्वतःच्याच लक्षात येतं.

७७:५९, आणि किलो की रुपये

चौथ्या मुलीचं उत्तर पहिल्यांदा पाहिल्यावर अगदीच भरकटल्यासारखं वाटतं. पण तिच्या वहीचा फोटो मागवून पाहिला तेव्हा मला तिचं काम चौघींत सगळ्यात रोचक वाटलं. तिने खरेदी भाव काढलाच नव्हता. तिने फुली टक्क्यांत मांडली होती. ४२ चा तांदूळ ५४ ला विकला तर नफा १२/४२, म्हणजे २/७. ५९ चा तांदूळ ५४ ला विकला तर तोटा ५/५९. मिश्रणावर हवा तो नफा १/८. या तीन अपूर्णांकांची फुली तिने काळजीपूर्वक सोडवली, तोटा ऋण धरायलाही विसरली नाही, आणि प्रमाण ७७ : ५९ आलं.

तिच्या आकडेमोडीत एकही चूक नाही. फक्त ते प्रमाण किलोंचं नाही. नफ्याचा दर हा खरेदीच्या रुपयामागे असतो. म्हणून फुलीने सांगितलं ते खरेदीला घातलेल्या रुपयांचं प्रमाण. बरोबर उत्तराशी ताडून बघा: ५५ किलो स्वस्त तांदळाचे २,३१० रुपये, ३० किलो महागाचे १,७७० रुपये, आणि २,३१० : १,७७० म्हणजे ७७ : ५९. तिला रुपये मिळाले होते, तिने त्यांना किलो समजून ८५ मध्ये वाटायचा प्रयत्न केला आणि तिथे गाडी अडली. रुपयांवरून किलो काढायचे तर प्रत्येकाला त्याच्या भावाने भागायचं. ७७ ÷ ४२ = ११/६, ५९ ÷ ५९ = १. प्रमाण ११ : ६. इथपर्यंत पोचायला तिला एकच पायरी हवी होती.

यातून मिळणारा नियम असा: फुलीत घातलेला दर कशामागे आहे ते बघा, उत्तराचं प्रमाण त्याच गोष्टीचं असतं. दर किलोमागे असेल तर उत्तर किलोंचं. दर रुपयामागे असेल तर उत्तर रुपयांचं. वेगांची फुली केली तर वेग तासामागे असल्यामुळे उत्तर तासांचं येतं, अंतरांचं नाही.

त्याच पानावरचं दूध

त्याच फोटोत खाली दुधाचा एक प्रश्न होता आणि वरचा नियम तिथे लगेच लागू पडतो. एका भांड्यात दूध आणि पाणी ५ : ३, दुसऱ्यात ७ : १. दोन्हींतून किती प्रमाणात घेतलं तर मिश्रणात दूध आणि पाणी ३ : १ होईल?

इथे सरळ ५/३, ७/१ आणि ३/१ अशा संख्या फुलीत टाकण्याचा मोह होतो. ७ − ३ = ४, ३ − ५/३ = ४/३, प्रमाण ३ : १. तपासून बघू. पहिल्या भांड्यातलं २४ लिटर घेतलं तर त्यात दूध १५, पाणी ९. दुसऱ्यातलं ८ लिटर घेतलं तर दूध ७, पाणी १. एकूण दूध २२, पाणी १०. हे ३ : १ नाही.

चूक कुठे झाली? ५/३ म्हणजे पाण्याच्या एका लिटरमागे किती दूध. दर पाण्यामागे आहे, म्हणून फुलीने दोन्हीकडून आलेल्या पाण्याचं प्रमाण सांगितलं. आपल्याला हवं आहे ते एकूण द्रवाचं प्रमाण, म्हणून दर एकूण द्रवामागे घ्यायला हवा: पहिल्या भांड्यात दूध ५/८, दुसऱ्यात ७/८, हव्या मिश्रणात ३/४ म्हणजे ६/८. आता ७ − ६ = १, ६ − ५ = १. प्रमाण १ : १. दोन्हीकडून ८–८ लिटर घ्या: दूध १२, पाणी ४, बरोबर ३ : १. आणि त्या १६ लिटरमध्ये पाणी कुठून किती आलं बघा: पहिल्यातून ३, दुसऱ्यातून १. मघाचं ३ : १ हेच होतं.

हे मी मुलीला लिहून पाठवलं तेव्हा तिने विचारलं, “सर, दुधाऐवजी पाण्याचा भाग घेऊन फुली केली तर?” चालतं. पाणी ३/८, १/८ आणि २/८. २ − १ = १, ३ − २ = १, पुन्हा १ : १. घटक कोणताही एक धरा, पण तिन्ही ठिकाणी तोच धरा आणि छेदात एकूण द्रव ठेवा. नुसतं पाणी मिसळायचं असेल तर त्याचा दुधाचा भाग ० लिहायचा, फुली तशीच चालते.

फुली कुठे थांबते

मध्ये लिहिलेली संख्या दोन टोकांच्या बाहेर गेली तर गणित तिथेच थांबवायचं. पहिल्या मुलीने ५१ वाचून शिवाय मध्ये ५४ लिहिले असते तर एक बाकी ऋण आली असती. ४२ आणि ५१ चे तांदूळ कसेही मिसळले तरी ५४ ला पडणारं मिश्रण होत नाही. अशा वेळी ऋण चिन्ह झाकून पुढे जाणारे मी पाहिले आहेत. ते करू नये, कारण ते चिन्ह वाचनात किंवा नफ्याच्या पायरीत चूक आहे हेच सांगत असतं.

शेवटी त्या मुलीने आणखी एक प्रश्न विचारला: तांदूळ तीन प्रकारचे असतील तर? समजा ४२, ४५ आणि ५९ रुपयांचे, आणि मिश्रण ४८ ला पडायला हवं. सरासरीच्या खालच्या प्रत्येकाची वरच्याशी जोडी लावायची. ४२ आणि ५९ ची फुली ११ : ६, ४५ आणि ५९ ची ११ : ३. दोन्ही जोड्या एकत्र केल्या तर ११ : ११ : ९. तपासा: ४६२ + ४९५ + ५३१ = १,४८८, आणि ३१ किलोंनी भागलं की ४८. पण पहिली जोडी दुप्पट घेतली तर २२ : ११ : १५ येतं. तेही तपासा: ९२४ + ४९५ + ८८५ = २,३०४, आणि ४८ किलोंनी भागलं की पुन्हा ४८. दोन्ही बरोबर आहेत, आणि अशी हवी तितकी उत्तरं काढता येतात. एकच उत्तर हवं असेल तर प्रश्नाने आणखी एक अट द्यावी लागते, उदाहरणार्थ ४२ आणि ४५ चे तांदूळ सारखे घ्या, किंवा एकाचे किलो आधीच सांगा.